पडद्यापलीकडची ओळ

औदुंबर मुळेनं चष्मा नाकावर सारखा केला, घसा खाकरला आणि सगळ्यांच्या देखत माझी ओळ वाचून टाकली.

“घरात माणूस आहे, पण आवाज येतो तो शेजारचाच.”

“वा!” कुणीतरी म्हणालं. पाहुणे म्हणून आलेले देशमाने पुढं झुकले आणि म्हणाले, “पुन्हा एकदा घ्या ही ओळ.” औदुंबरनं पुन्हा घेतली. या वेळी डोळे मिटून.

मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडलो. कारण पुढचा नंबर माझा होता, माझ्या खिशात माझी कविता होती आणि त्या कवितेची शेवटची ओळ अक्षर न अक्षर हीच होती.

ही गोष्ट बार्शीतली, आमचं शनिवारचं कविमंडळ जोरात होतं तेव्हाची. जोरात म्हणजे पाच जण नियमित यायचे आणि सहावा पाऊस नसेल तर. वाचनालयाची वरची खोली, चहा प्रत्येकानं आळीपाळीनं सांगायचा. त्या शनिवारची बात मात्र निराळी होती. देशमाने हे सोलापुरातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाचे संपादक. कुणाच्या तरी लग्नाला बार्शीत आले होते, त्यांना आम्ही हातापाया पडून वर आणलं होतं. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, “अंक भरत आलाय. एका पानाची जागा आहे. तुमच्या मंडळातली एक कविता घेईन.”

एक कविता! मी वीस वर्षं कविता लिहीत होतो आणि आमच्या गावाबाहेर माझं एक अक्षर छापून आलेलं नव्हतं. गावात आलं होतं, ते नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या पत्रकामागं. तेव्हा त्या पानासाठी माझा जीव किती टांगणीला लागला होता ते सांगायला नको.

आता मी उठून माझी कविता वाचली. वाचली म्हणजे काय, फासावर चढल्यासारखी वाचली. शेवटच्या ओळीला देशमान्यांनी चमकून वर बघितलं. मग देशमाने म्हणाले, “अहो कोठावळे, हे काय चाललंय?”

“तेच मी विचारतोय,” औदुंबर उभाच राहिला. “रामलिंग, ही ओळ माझी आहे.”

“तुझी कुठली? माझ्या वहीत आहे!”

“माझ्याही वहीत आहे!”

वहीचं सांगितल्याशिवाय हे भांडण कळायचं नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो.

माझं बार्शीत चष्म्याचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. औदुंबर शाळेत चित्रकलेचा मास्तर. आम्ही दोघं कॉलेजातले मित्र, आणि वही ठेवायची पद्धत मी त्याच्याकडूनच शिकलो. कानावर पडलेलं बोलणं, डोळ्यांना दिसलेलं काहीबाही, अर्ध्यावर तुटलेल्या ओळी, सगळं तिथं जमवायचं आणि पुढं कवितेला वापरायचं. त्याचे नियम होते. आणि औदुंबर ते नियम शाळेच्या फळ्यावर लिहावेत तसे सांगायचा.

पहिला नियम, ऐकलं तसंच लिहायचं. शब्द सुधारायचे नाहीत, इकडचे तिकडे करायचे नाहीत. माणूस जिथं थांबला तिथं तिरकी रेघ मारायची, कारण ताल असतो तो त्या थांबण्यात. दुसरा नियम, डाव्या पानावर ऐकलेलं, उजव्या पानावर त्यावरून आपल्याला सुचलेलं. दोन्हींची मिसळ होऊ द्यायची नाही, नाहीतर पुढं आपलं काय आणि लोकांचं काय कळत नाही. तिसरा, तारीख घालायची, ठिकाण घालायचं, पण बोलणाऱ्याचं नाव घालायचं नाही. औदुंबर म्हणायचा, “नाव घातलंस की ती चहाडी झाली. नाव काढलंस की कविता.” चौथा नियम, लिहिलेलं तीन महिने शिवायचं नाही. मुरू द्यायचं. तीन महिन्यांनी सगळं सलग वाचायचं आणि जे अजून कानात वाजतंय त्याखाली तांबडी रेघ ओढायची. आणि शेवटचा, ओळ कवितेत घालून मंडळात वाचली की वहीत तिच्यावर बारीक काट मारायची, म्हणजे दुसऱ्यांदा वापरली जात नाही.

मी हे सगळं इमानेइतबारे पाळायचो. दुकानात वही उघडी ठेवता येत नाही, म्हणून डोळ्यांचे नंबर लिहायच्या पॅडवर टिपून घ्यायचो आणि दुकान बंद केल्यावर वहीत उतरवायचो. चष्म्याच्या दुकानात माणूस काय काय बोलतो म्हणून सांगू! एक म्हातारे गृहस्थ नवीन चष्मा लावून रस्त्याकडं बघत म्हणाले, “दिसायला लागलं, पण बघावं असं काही राहिलं नाही.” मी त्यांच्या हातात बिल द्यायच्या आधी हे टिपून घेतलं. मंडईत एक बाई गिऱ्हाइकाला दरडावत होती, “माझ्या कोथिंबिरीला नावं ठेवू नका, ती ऐकते.” तेही घेतलं. एकदा सायकलला आडवा बांधून कुणी मोठा आरसा नेत होता आणि त्यात आख्खं आभाळ टिळक चौकातून चाललं होतं. हे काही कुणी बोललं नव्हतं, पण दिसलेलंही डाव्याच पानावर जायचं.

यात घोटाळेही व्हायचे. एका बाईंना मी नंबराऐवजी टिपलेलाच कागद फाडून दिला. त्या तो घेऊन पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, “‘गुडघे माझ्याआधी म्हातारे झाले’ हा कुठल्या डोळ्याचा नंबर?” चुलत्यांच्या मयतीत तर कहर झाला. चुलती रडत रडत म्हणाली, “गेले ते गेले, चपला दारातच ठेवून गेले.” मला राहवेना. मी लिंबाच्या झाडामागं जाऊन चुलत्यांच्याच दवाखान्याच्या पावतीवर ते लिहून घेतलं. लोकांना वाटलं पुतण्याला दुःख अनावर झालं. दोघांनी येऊन पाठीवर हात फिरवला.

माझी बायको महानंदा हे सगळं बघायची आणि म्हणायची, “लोकं खिशात रुमाल ठेवतात, आमच्यात पेन्सिल.” हेही मी टिपलं होतं.

तर वाचनालयात आमची अशी जुंपली. देशमान्यांनी दोन्ही हात वर केले. ते म्हणाले, “हे बघा, दोन्ही कविता बऱ्या आहेत, पण दोन्हींचा जीव त्या एका ओळीत आहे. ती काढली तर पान कोरं सोडलेलं परवडेल. तेव्हा ओळ कुणाची ते तुम्ही ठरवा. मी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार. जाता जाता कोठावळ्यांच्या दुकानावरून जातो, माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. तोवर ठरलं तर ठरलं. नाहीतर पान साडीच्या जाहिरातीला देतो.”

साडीच्या जाहिरातीला! आम्ही दोघं जिना उतरलो. खाली आल्यावर औदुंबर म्हणाला, “वही घेऊन माझ्या घरी ये. आत्ताच्या आत्ता.”

“येतो. घाबरतो का काय!”

मी घरी जाऊन वही घेतली. महानंदा म्हणाली, “आलात? कशी झाली कविता?” मी म्हटलं, “नंतर सांगतो,” आणि निघालो. ती दारापर्यंत आली होती एवढं आठवतं.

औदुंबरच्या घरी, त्याच्या बैठकीतल्या पलंगावर, दोन वह्या समोरासमोर ठेवल्या. माझी दोनशे पानी, रेघांची. त्याची कोऱ्या पानांची, कडेनं चित्रं काढलेली. त्यानं त्याचं डावं पान उघडलं, मी माझं. दोघांच्याही ओळीखाली तांबडी रेघ होती. दोघांचीही तिरकी रेघ ‘आहे’नंतरच होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

“तारीख?” मी विचारलं.

“तू सांग आधी.”

मी बोट ठेवून दाखवलं. एप्रिलमधली. त्याचीही तीच तारीख.

“बरं, ठिकाण? माझं बघ. ‘घर. पडद्यापलीकडं. पापडाचा दिवस. बाईमाणूस. दुपार.’”

“माझं, ‘घर, जेवताना, रात्री,’” औदुंबर पडेल आवाजात म्हणाला.

“झालं तर! दुपार आधी येते का रात्र?”

मग एकेक उलगडा व्हायला लागला. त्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात पापड लाटायला बायका जमल्या होत्या. मी पुढं दुकानात काच घासत होतो. घासायचा दगड सुरू असला की काही ऐकू येत नाही. दगड थांबवला आणि नेमकी तेवढी ओळ पडद्यामागून आली. मी हातातली काच तशीच ठेवून पॅडवर लिहिली. त्या पापडांना औदुंबरची बायको विमल आली होती. तिनं रात्री घरी जेवताना ते वाक्य नवऱ्याला सांगितलं आणि हा भरल्या ताटावरून उठला. ती म्हणाली, “काय झालं? आमटी खारट झाली का?” हा वही शोधत फिरत होता. आणि दोघांनीही तीन महिने ओळ मुरत ठेवली, म्हणजे नियमाप्रमाणे दोघांचीही एकाच आठवड्यात तयार झाली. एकाच गुरूचे दोन चेले असते तर कुणी एक तरी आळशी निघाला असता. इथं गुरू आणि चेला दोघंही शिस्तीचे.

“पण हे बघ,” औदुंबरला एकदम बळ आलं, “माझ्या बायकोच्या तोंडची ओळ आहे. म्हणजे माझ्या घरातली झाली.”

“बोलली कुठं? माझ्या अंगणात! माझ्या उडदाचे पापड लाटताना!”

“उडदाचा काय संबंध?”

“ठिकाणाचा नियम कुणी केला? तूच ना?”

“विमलला मीठमिरची तुम्ही दिली म्हणून तिचं बोलणंही तुमचं काय?”

“अरे, मी आधी ऐकली!”

“आधी ऐकली म्हणून काय झालं? बोललं कोण ते बघ ना!”

एवढ्या आरडाओरड्यानं विमलवहिनी आतून चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “कशाचं एवढं? शेजारचे बाहेर येऊन उभे राहिलेत.”

“विमल, तू सांग,” औदुंबर म्हणाला. “पापडाच्या दिवशी तू म्हणालीस ना, घरात माणूस आहे, पण आवाज येतो तो शेजारचाच?”

वहिनींच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग पटकन खाली. “मी नाही म्हणाले बाई. मी आपलं ऐकून घरी येऊन सांगितलं.”

“मग कोण म्हणालं?” मी विचारलं.

“जाऊ द्या ना भाऊजी. बायकांचं बोलणं ते. पापड लाटताना माणूस काहीही बोलतं.”

“वहिनी, असं करू नका. माझी कविता अडकलीय. दिवाळी अंक अडकलाय.”

“मी नाही सांगणार,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचून आत निघून गेल्या. आतून भांडी जरा जास्तच वाजायला लागली.

“गोदाक्का असेल,” मी म्हटलं. गोदाक्का म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या. त्या दिवशी पापडाला ही तिसरी.

औदुंबर म्हणाला, “गोदाक्काचा नवरा आख्ख्या गल्लीला ऐकू जातो. ती कशाला असं म्हणेल? तिला तर आवाज बंद झालेला हवाय.”

“खरंय. मग तिघीच तर होत्या. वहिनी नाहीत, गोदाक्का नाही…”

बोलता बोलता औदुंबर थांबला. माझ्याकडं असा बघायला लागला की मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय. मग त्यानं आपली वही मिटली. पेन्सिल काढून, मिटलेली वही पुन्हा उघडून, त्या ओळीवर बारीक काट मारली.

“हे काय करायलास?”

“ओळ तू घे, रामलिंग. तुझीच आहे.”

“म्हणजे? मान्य केलंस?”

“मान्य. पूर्ण मान्य. माझी कविता मी मागं घेतो. तू आता घरी जा.”

“अरे, रागावून नको.”

“रागावलो नाही. चहा राहू दे. तू घरी जा बघू आधी.”

मला भरून आलं हो! वीस वर्षांची मैत्री म्हणतात ती ही. मी त्याचा हात दाबला, वही बगलेत मारली आणि निघालो. वाटेत मिठाईच्या दुकानात थांबून पावशेर पेढे घेतले. चालता चालता दिवाळी अंकात माझं नाव कुठल्या टायपात येईल याचा विचार करत होतो. ‘रामलिंग कोठावळे, बार्शी.’ बार्शी कंसात घालावं की स्वल्पविराम देऊन, एवढाच काय तो प्रश्न उरला होता.

घरी महानंदा चुलीपुढं भाकरी थापत होती. गॅस होता आमच्याकडं, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागायची. मी पेढ्यांचा पुडा तिच्यासमोर धरला.

“ओळ माझी ठरली!”

“कसली ओळ?”

“अगं, दिवाळी अंकात कविता येणार माझी. एका ओळीवरून औदुंबरशी वाद झाला होता. पण त्यानं शेवटी कबूल केलं, ओळ तुझीच म्हणून.”

“कुठली एवढी ओळ?”

मी वही उघडली, डावं पान काढलं आणि औदुंबरनं डोळे मिटले होते तसेच डोळे मिटून वाचली. “घरात माणूस आहे… पण आवाज येतो तो शेजारचाच.”

थापणं थांबलं. मी डोळे उघडले. महानंदा हातावरची भाकरी तशीच धरून बसली होती.

“तुमचीच आहे की,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाची असणार? तुमच्यावरच बोलले होते मी.”

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मी म्हटलं, “म्हणजे तू म्हणालीस?”

“मीच.”

“पण मला आवाज ओळखू आला नाही.”

“हां,” ती म्हणाली, “तेच तर सांगत होते मी विमलला.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मी पेढ्यांचा पुडा धरून उभा. खाली ठेवावा की धरून ठेवावा हेही सुचेना.

“महानंदा, अगं मी काय बोलत नाही का तुझ्याशी?”

“बोलता की. ‘मीठ दे.’ ‘दुकानाचं कुलूप कुठंय.’ ‘नंतर सांगतो.’ एवढं बोलता.” तिचा आवाज चढला. “आख्ख्या गावाचं ऐकता. मंडईतल्या कोथिंबीरवालीचं ऐकता. मयतीतल्या बाईचं रडणं ऐकता. गिऱ्हाईक खोकलं तरी लिहून घेता. आणि मी दिवसभर या पडद्यामागं भिंतीशी बोलते! मला वाटायचं, माणसाला ऐकायचीच आवड नाही. पण तुमच्याएवढं ऐकणारं माणूस उभ्या तालुक्यात नसेल. मग माझंच काय वावडं आहे हो?”

मी घाईघाईनं म्हटलं, “असं कसं म्हणतेस? तुझंही लिहिलंय की! बघ, रुमाल आणि पेन्सिलीचं लिहिलंय. अजूनही असेल कितीतरी.”

“कुठंय? दाखवा.”

ही माझी मोठी चूक झाली. मी पाटावर बसलो आणि पानं उलटून वाचायला लागलो. नावं तर घातलेली नव्हती. तिनं पिठाचा हात पुसला आणि शेजारी येऊन बसली.

“‘पाहुणे गेले की घर मोठं होतं,’” मी वाचलं.

“हे माझं. भावाची पोरं सुट्टीला आली होती, ती गेली तेव्हा. मी तुम्हाला म्हणत होते, चार दिवस आपणही जाऊ या का कुठं.”

“असं होय. ‘नवी साडी नेसून बसायला जागा पाहिजे ना.’”

“हेही माझंच. काकांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला तुम्ही जायला नको म्हणालात.”

मी पान उलटलं. एका ओळीखाली मी तांबडी रेघ दोनदा ओढली होती आणि कडेला लिहिलं होतं ‘छान!’ मी ती सवयीनं मोठ्यानं वाचली. “‘एकटीनं गेलं की / दवाखाना लांब पडतो.’”

 तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास यायला लागला तरी महानंदा उठली नाही.

“ते मी विचारलं होतं,” ती हळूच म्हणाली. “गाठ दाखवायला सोलापूरला जायचं होतं, तेव्हा. याल का म्हणून विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही पॅडवर काहीतरी लिहिलंत. मला वाटलं, तारीख लिहून ठेवली. मग त्या दिवशी तुम्ही दुकान उघडून बसलात. मी विमलला घेऊन गेले.”

गाठ साधी निघाली होती. ते मला तेव्हा कळलं होतं आणि बरं वाटून मी पुन्हा काच घासायला बसलो होतो.

“महानंदा, मी लिहून ठेवलं होतं गं…”

“लिहिलंत. पण उत्तर दिलंत का?”

 मी उजव्या पानावर बघितलं. तिथं त्या ओळीवरून मला सुचलेलं लिहिलं होतं, एकटेपणावर, चार कडवी, एक शब्द खोडून दुसरा घातलेला. मला माझ्याच अक्षराची लाज वाटली. मी वही मिटली आणि उठून करपलेली भाकरी तव्यावरून काढली. हात भाजला. ती म्हणाली, “सोडा, मी बघते.” मी म्हटलं, “नको, बस तू.” त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापायचा प्रयत्न केला. जे काही झालं त्याला भाकरी म्हणता येणार नाही, पण ती बघून महानंदा रडता रडता हसायला लागली आणि मग हसणं थांबेचना. आम्ही पेढे आणि आमटी खाऊन झोपलो.

सकाळी देशमाने दुकानात आले. बॅग खांद्याला, चष्मा हातात.

“काय कोठावळे, ठरलं का?”

“ठरलं,” मी स्क्रू घट्ट करत म्हटलं. “ओळ माझी नाही. औदुंबरचीही नाही. आमच्या घरातल्यांची आहे.”

“वहिनींची? वा वा! अहो मग प्रश्नच मिटला. वहिनींच्या नावासकट छापतो, खाली टीप देतो. विचारा त्यांना.”

मी पडद्याकडं तोंड करून हाक मारायच्या आतच आवाज आला. “नको.”

“अहो वहिनी, हजारो लोक वाचतील,” देशमाने म्हणाले.

“हजारो लोकांना काय करायचंय? एकाला ऐकवायचं होतं, त्यानं ऐकलं काल. तुम्ही आपली साडीची जाहिरात घाला. ती तरी बायका बघतील.”

देशमाने माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कोटाच्या वरच्या खिशातून छोटी डायरी काढली, तिच्यात काहीतरी भराभर लिहिलं आणि ती परत खिशात घातली. मला त्या माणसाची ओळख आत्ता पटली. मी त्यांना म्हटलं, “घरी गेल्यावर बायकोला विचारा, काय म्हणत होती ते.” ते हसले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. त्या दिवाळीला त्या पानावर जरीच्या साड्यांची जाहिरात आली. औदुंबरनं अंक विकत आणून मला दाखवला आणि म्हणाला, “कविता बरी आहे.”

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. देशमाने गेले आणि पडदा बाजूला सारून महानंदा दुकानात आली. एरवी ती गिऱ्हाइकाच्या वेळेत पुढं यायची नाही. नंबर तपासायच्या खुर्चीवर ती माझ्यासमोर ऐसपैस बसली, हात मांडीवर ठेवले.

“हं, बोला,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“काहीही बोला. मी काही लिहून घेत नाही.”